फुकटचा फोटो, पैशाचा फोटो आणि बनवलेला फोटो: माझ्या वहीतला हिशेब



मागच्या चातुर्मासात मी कच्च्या केळ्याच्या पुलावाची कृती लिहिली होती, आठवतेय? त्या लेखाला लावलेला फोटो मी काढलेला नव्हता. पुलाव केला त्या दिवशी उत्तनला सकाळपासून पाऊस, घरात अंधार, आणि मोबाइलवर काढलेले सगळे फोटो मातकट आले. म्हणून मी चार ओळी लिहून संगणकाकडून एक चित्र तयार करून घेतलं. पितळी पातेलं, मोकळा मोकळा भात, वर काजू. इतकं सुरेख की मी स्वतःच खूश. भातात मधे मधे केशरी तुकडे होते. लाल भोपळा असेल, असं मनात म्हणून मी सोडून दिलं.

पंधरा दिवसांनी एका मुलीचा फोन आला. नुकतंच लग्न झालेलं, माहेर जैन नाही. सासरी पारण्याला पाहुणे होते आणि तिने हौसेने माझा पुलाव केला. गाजर घालून. पंगतीत आत्याबाईंनी पहिल्या घासाला ताट बाजूला सारलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, साहित्याच्या यादीत गाजर नव्हतं, पण फोटोत होतं ना. मला वाटलं, तुम्ही लिहायला विसरलात."

मी तिची माफी मागितली, फोटो काढून टाकला आणि फोटोंचा खर्च या विषयावर पहिल्यांदा वही घेऊन बसले. तोवर माझा हिशेब एकाच आकड्याचा होता, एक फोटो केवढ्याला पडतो. तो हिशेब अपुरा होता, हे गाजराने दाखवलं.

आधी गरज किती ते मोजलं. महिन्याला माझे दोन लेख होतात आणि लेखाला तीन चित्रं लागतात, म्हणजे वर्षाला ७२. जाहिरातींतून मला वर्षाला चार हजारही सुटत नाहीत. आणखी एक आकडा मी मुद्दाम धरला: माझा वेळ. शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेते, तिचे तासाला १५० रुपये मिळतात. फोटो शोधण्यात गेलेला तास म्हणजे तेवढे पैसे गेले असं मानायचं. आपण बायका हा आकडा कधी धरतच नाही, म्हणून फुकटच्या वस्तू आपल्याला फुकट वाटतात.

सुरुवात फुकटच्या साठ्यापासून केली. अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे या तीन जागा बऱ्याच जणींना माहीत असतील. तिथले फुकट फोटो आपल्या लेखाला लावायला पैसे लागत नाहीत, परवानगी मागावी लागत नाही आणि नाव देणंही सक्तीचं नाही. (दिलंत तर बरं. कोणीतरी कष्टाने काढलेला असतो.) गूगलवर शोधून दिसलेला फोटो मात्र फुकट नसतो, हे अजूनही पुष्कळ जणींना ठाऊक नाही. गूगल फक्त तो कुठे आहे ते दाखवतं. माझ्या ओळखीतल्या एकीने साड्यांच्या पानावर असाच एक फोटो उचलून लावला आणि वर्षभराने पैशाची मागणी करणारं पत्र आलं. साडी विकून मिळाले असते त्याहून जास्त रक्कम होती.

पण आपल्या कामाला तो साठा किती पुरतो? तिथे jain food असं टाकून बघा. डोसा येतो, पनीर येतं, आणि थाळी आली की तिच्या कडेला कांद्याच्या चकत्या ठेवलेल्याच. डाळीच्या फोटोत मागे सजावटीला लसणाची गड्डी, बर्फीच्या फोटोत वर्ख. केळ्याचे वडे म्हणून जे सापडले ते सरळसरळ बटाटेवडे होते, शेजारी लाल सुकी चटणी. बाहेरून दोन्ही वडे सारखेच दिसतात, म्हणून लावून टाकावंसं वाटतं. तीन फोटो मनासारखे मिळवायला माझा दीड तास गेला आणि त्यातला एकही पदार्थाचा नव्हता. एक समईचा, एक खिडकीवरच्या पावसाचा, एक धान्याच्या पोत्यांचा. माझ्या दराने ते तीन फोटो सव्वादोनशेचे झाले, एक ७५ रुपयांचा.

तेच समईचं चित्र पुढे मला एका अगरबत्तीच्या जाहिरातीत दिसलं. असो. समई काही माझ्या एकटीची नाही.

देवळांच्या आणि लेण्यांच्या फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स ही जागा मला सगळ्यांत उपयोगी वाटली. वेरूळच्या जैन लेण्यांवर लिहिताना, ३० ते ३४ क्रमांकांच्या, मला इंद्रसभेतल्या पार्श्वनाथांचा फोटो हवा होता. ते ३२ क्रमांकाचं लेणं. कॉमन्सवर मिळाला, स्पष्ट आणि मोठा. पण इथे नियम वेगळा असतो. बहुतेक फोटोंखाली CC BY-SA 4.0 असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे फोटो वापरा, पण काढणाऱ्याचं नाव द्या, परवान्याचं नाव आणि दुवा द्या, फोटोत काही बदललं असेल तर तसं सांगा, आणि बदललेलं चित्र पुढे त्याच परवान्याखाली द्या. दोन ओळींचं काम आहे. ते न करता फोटो लावला तर तोही उचललेलाच ठरतो.

मग विकतचा साठा बघितला. एका मोठ्या साइटवर महिन्याला दहा फोटोंचं पॅकेज मला कर धरून अडीच हजारांच्या आसपास पडत होतं, म्हणजे फोटो २५० ला. वरवर ठीक वाटतं. पण तो दर महिन्याचा दिसला तरी करार वर्षाचा होता, मधेच सोडलं तर पैसे कापणार होते. आणि मुख्य म्हणजे दहा फोटो घ्यायचे तर आपल्या उपयोगाचे दहा मिळायला हवेत. मी पैसे न भरता आधी नुसते निवडून बघितले. तासाभरात कामाचे चार निघाले. उरलेले सहा उगाच घेतले असते तर ते चार फोटो प्रत्येकी ६२५ ला पडले असते. काही फोटोंखाली Editorial use only असतं. ते बातमीला किंवा माहितीच्या लेखाला चालतात, जाहिरातीला किंवा कुणाचा माल विकायला चालत नाहीत. आपण लेखात एखाद्या मसाल्याची पैसे घेऊन शिफारस करत असू, तर तिथे असा फोटो लावायचा नाही.

आता बनवलेल्या चित्रांकडे येते, कारण गाजर तिथलंच. खर्चात त्यांना तोड नाही, हे आधीच मान्य करते. महिना चारशेच्या आसपासची योजना मी दोन महिने घेतली, ८०० रुपये. या दोन महिन्यांत साठ चित्रं करवली आणि नऊ ठेवली. ठेवलेल्या प्रत्येक चित्रामागे साधारण चाळीस मिनिटं गेली, म्हणजे सहा तास, माझ्या दराने ९०० रुपये. एकूण सतराशे भागिले नऊ, एक चित्र १८९ रुपयांना. फुकट म्हणतात तसं फुकट नाही, पण विकतच्यापेक्षा स्वस्त.

एक्कावन्न चित्रं का टाकली, ते सांगण्यासारखं आहे. यंत्राने जगभरातले फोटो बघितलेले आहेत, आणि त्या फोटोंत भारतीय जेवण म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा आलाच. "कांदा नको, लसूण नको" असं लिहिलं तरी मागच्या फळीवर गड्डी उगवते. उलट "लसूण" हा शब्द दिसल्यामुळेच ती काढतं की काय, अशी मला शंका आली. पुढे मी काय नको ते लिहिणं सोडून फक्त काय हवं तेवढंच लिहायला लागले, तेव्हा फरक पडला. वडा फोडून दाखव म्हटलं की आत पिवळाधमक रवाळ बटाटा. कच्च्या केळ्याचं सारण तसं नसतं ना, ते जरा करडं, चिकट आणि दोरेदार असतं. ते यंत्राला एकदाही जमलं नाही.

पूजेच्या चित्रांत तर मी हात टेकले. पार्श्वनाथांच्या फण्या मोजल्या तर एकदा सहा, एकदा आठ. महावीरांच्या अंगावर वस्त्र आणि डोक्यावर बुद्धासारखा उंचवटा. मुनिमहाराजांचं चित्र मागितलं तर त्यांना भगवी कफनी नेसवली आणि पिंछीच्या जागी झाडू दिला. दुसऱ्यांदा स्पष्ट लिहिलं तर चित्र करायलाच नकार आला, नग्नतेच्या नियमात बसत नाही म्हणून. आमच्या आत्यांना मी ते कफनीवालं चित्र दाखवलं. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "हे कोण गं?" त्यानंतर देवाचं आणि मुनींचं एकही चित्र मी बनवून घेतलेलं नाही.

तुम्ही बनवलेलं चित्र वापरणार असाल तर लावण्याआधी ते मोठं करून कोपरे बघा. मधला पदार्थ सुंदर असतो, घोळ कडेला असतो. मोहरीचे दाणे एकमेकांत वितळलेले असतात, वाटीची कड ताटात मिसळून जाते, गार कोशिंबिरीतून वाफ निघते, डब्यावरची मराठी अक्षरं कुठल्याच भाषेतली नसतात. आणि साहित्याची यादी शेजारी ठेवून चित्रातला एक एक तुकडा तिच्याशी ताडून बघा. ज्याचं नाव सांगता येत नाही असा तुकडा दिसला की ते चित्र बाद. मी त्या केशरी तुकड्यांना माझ्याच मनाने नाव दिलं होतं.

जी नऊ ठेवली ती कोणती? लेखांच्या वर लावायची रेखाचित्रं. दिवा, जातं, तांदळाची रास, खिडकीतली तुळस. ती चित्रं आहेत हे बघताक्षणी कळतं, आणि खाली मी "हे संगणकाने केलेलं चित्र आहे" असंही लिहिते.

शेवटी फोटोग्राफर. भाईंदरचा एक मुलगा लग्नाचे फोटो काढतो. जानेवारीत मुहूर्त कमी होते म्हणून अर्ध्या दिवसाला सात हजारांत तयार झाला, चार तास आणि तीस निवडलेले, नीट केलेले फोटो. साहित्याला १,३०० लागले आणि त्याच्या येण्याजाण्याचे ३००. एकूण ८,६००. तीसपैकी २८ कामाचे निघाले, म्हणजे एक फोटो ३०७ रुपयांना.

हे काम कसं चालतं ते मला माहीत नव्हतं, आणि आधी माहीत असतं तर वेळ वाचला असता. त्याने आदल्या दिवशी यादी मागितली: सात पदार्थ, प्रत्येकाचे तीन प्रकार, एक वरून, एक तिरका, एक फोडून किंवा घास काढून जवळून. एकवीस फोटो तिथेच ठरले, बाकीचे हातांचे आणि भांड्यांचे. फ्लॅश अजिबात नाही. खिडकीजवळ टेबल, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा, म्हणजे सावली काळी पडत नाही. तळणीचे पदार्थ आधी, कारण वड्याची चकाकी दहा मिनिटांत जाते. भात सुकायला लागतो तेव्हा वरून पाण्यात कालवलेलं तूप ब्रशने फिरवायचं. त्याने खिशातून मधाची छोटी बाटली काढली, चमक यायला मध लावतात म्हणे. मी म्हटलं, "भाऊ, मध आमच्यात चालत नाही. आणि हे सगळं आपण खायचं आहे." तो जरा चाचरला. मग त्यानेच सांगितलं की काही ठिकाणी दुधाऐवजी गोंद वापरतात, फोटो झाला की सगळं फेकून देतात. आमच्याकडे काहीच फेकलं नाही. दुपारी दीडला सुरुवात केली होती, साडेपाचला आवरलं आणि सूर्यास्ताच्या आत तो, मी आणि खालच्या मजल्यावरची मुलं, सगळे जेवून मोकळे.

एक फजिती मात्र झाली. चारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन इतकं छान पडलं की तो म्हणाला, गच्चीवर जाऊ. केळ्याच्या वड्यांचं ताट कठड्यावर ठेवलं, मागे समुद्र, कडेला माडांची सावली. सगळ्यांत देखणे दोन फोटो तेच आले. संध्याकाळी संगणकावर मोठे करून बघते तर ताटामागे, जरासे धूसर, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर ओळीने टांगलेले बोंबील. जानेवारीत उत्तनच्या किनाऱ्यावर दुसरं काय असणार! शेजारच्या कोळीण मावशींना दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या वड्याला आमचा बोंबील लागला," म्हणाल्या. तिसातले बाद दोन ते हे.

पैशाआधी ठरवायची एक गोष्ट होती आणि ती मी नशिबाने ठरवली. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात, कलम १७ मध्ये, असं आहे की मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो, पण उलट करार नसेल तर. हे "उलट करार नसेल तर" महत्त्वाचं. पुष्कळ फोटोग्राफर दरपत्रकाच्या तळाशी हक्क आपल्याकडे राहील असं लिहितात. मी व्हॉट्सअॅपवर साध्या मराठीत चार ओळी पाठवल्या: फोटो माझे, लेखात आणि पुढे पुस्तकात वापरेन, तुम्ही कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता, दुसऱ्याला विकायचे नाहीत. त्याने "ठीक आहे ताई" म्हणून उत्तर दिलं. तो संदेश मी जपून ठेवलाय. फोटोंत पाठशाळेतल्या दोन मुलींचे हात आहेत, चेहरे नाहीत, तरी त्यांच्या आयांना विचारूनच घेतले.

आता वहीतले आकडे एकाखाली एक ठेवले तर फुकटचा ७५, बनवलेला १८९, फोटोग्राफरचा ३०७, विकतचा ६२५. नुसतं बघितलं तर फोटोग्राफर बोलवायचं काहीच कारण नाही. पण या फोटोंची कामं वेगळी आहेत. चातुर्मासावरच्या लेखाला समई लावली तर ती कुणाची का असेना, वाचणारीचं काही बिघडत नाही. कृतीखाली फोटो लावते तेव्हा मात्र मी सांगत असते की हे मी केलं, असं दिसतं, यात एवढंच आहे. नवी सून शब्दांपेक्षा त्या फोटोवर भरवसा ठेवते, आणि तिने ठेवला तर चूक तिची नाही. तिथे १८९ आणि ३०७ मधला फरक ११८ रुपयांचा. पारण्याच्या पंगतीतलं ते बाजूला सारलेलं ताट मी कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून वर्षाची वाटणी अशी केली. २४ लेखांपैकी दहा-अकरा कृतींचे असतात. त्यांना लागणारे तीसेक फोटो एका बैठकीत काढून घ्यायचे, जुन्या फोटोंतले भांड्यांचे आणि हातांचे फोटो पुन्हा वापरायचे. देवळं आणि लेणी कॉमन्सवरून, नावासकट. बाकी दिवे, पाऊस, धान्य फुकटच्या साठ्यातून किंवा रेखाचित्रं. विकतचं पॅकेज नाही.

मधल्या काळात एखादी कृती अचानक लिहावीशी वाटली तर मोबाइल आहेच. थर्माकोलची युक्ती शिकल्यापासून माझे फोटो पहिल्यासारखे मातकट येत नाहीत. फक्त दिवसा, दिवे बंद करून आणि खिडकीशी. फोटो चढवण्याआधी त्याची रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, नाहीतर पाच-सहा एमबीचा फोटो उघडेपर्यंत गावाकडच्या नेटवर वाचणारी कंटाळून निघून जाते.

आठ हजार एकदम काढणं सगळ्यांना जमत नाही, मलाही दरवर्षी जमणार नाही. त्यावर तोड निघालीय. भाईंदरची एक मैत्रीण उपवासाच्या पदार्थांवर लिहिते. आम्ही दोघींनी मिळून त्याच मुलाचा पूर्ण दिवस विचारला, तो ११,००० म्हणाला. सकाळ तिची, दुपार माझी. माझ्या वाट्याला साडेपाच हजार, साहित्य १,३०० आणि येण्याजाण्याचे निम्मे १५०, एकूण ६,९५०. पूर्वीइतकेच २८ फोटो निघाले तर एक २४८ रुपयांना पडेल.

त्या मुलीशी आता नेहमी बोलणं होतं. पुढच्या बैठकीला पुलाव तीच करणार आहे, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि फोटोत हात तिचे असतील. तारीख कार्तिकी पौर्णिमेनंतरची धरलीय. त्या सुमाराला किनाऱ्यावर बोंबील वाळत असणारच, म्हणून या वेळी गच्ची नाही, पूर्वेची खिडकी.